‘आलिशान’ खोडल्यावर काय उरतं? एका हॉटेलच्या खोल्यांची वर्णनं नव्याने लिहिताना

हॉटेल ३८ खोल्यांचं. तळमजला आणि वर तीन मजले. एका बाजूला तलाव, दुसऱ्या बाजूला गाड्या लावायचं अंगण. वेबसाइटवर खोल्यांचे पाच प्रकार दिलेले होते: स्टँडर्ड १०, डिलक्स १६, प्रीमियम ६, फॅमिली ४ आणि स्वीट २. व्यवस्थापकांनी काम सांगितलं ते असं: “वर्णनं जुनी वाटतात, भाषा जरा आकर्षक करून द्या.” बोलता बोलता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. डिलक्स खोली बुक करून आलेले काही पाहुणे किल्ली घेऊन वर जातात आणि लगेच खाली येऊन विचारतात, “बाल्कनी कुठे आहे?” मग फ्रंट डेस्कवरच्या माणसाला कधी खोली बदलून द्यावी लागते, कधी रक्कम कमी करावी लागते, आणि हॉटेल भरलेलं असेल तर मुकाट्याने बोलणी खावी लागतात. माझ्या लेखी खरं काम हे होतं. भाषेचा प्रश्न त्यानंतरचा.

वेबसाइटवरचं डिलक्सचं जुनं वर्णन जसंच्या तसं देतो:

“आमच्या आलिशान डिलक्स रूममध्ये आपले मनःपूर्वक स्वागत. अभिरुचीपूर्ण सजावट, प्रशस्त जागा आणि अत्याधुनिक सुविधांनी परिपूर्ण अशी ही ३०० चौ. फुटांची रूम आपल्याला घरच्यासारखा आराम देईल. बाल्कनीतून तलावाचे विहंगम दृश्य न्याहाळत निवांत क्षण अनुभवा. जोडप्यांसाठी तसेच कुटुंबासाठी आदर्श निवड.”

असा मजकूर हाती आला की मी आधी दोन प्रश्न लावतो. पहिला: ही गोष्ट खोलीत उभं राहून बोटाने दाखवता येते का? दुसरा: हेच वाक्य जगातल्या दुसऱ्या कुठल्याही हॉटेलच्या कुठल्याही खोलीला चालून जाईल का? पहिल्याचं उत्तर ‘नाही’ किंवा दुसऱ्याचं ‘हो’ आलं, की तेवढा भाग खोडायचा. ‘आलिशान’ गेलं, ‘अभिरुचीपूर्ण’ गेलं, ‘प्रशस्त’ गेलं, कारण आपल्या खोलीला अरुंद म्हणणारं हॉटेल अजून कोणी पाहिलेलं नाही. ‘अत्याधुनिक सुविधा’ गेल्या. कोणत्या सुविधा ते लिहिलेलंच नव्हतं. ‘घरच्यासारखा आराम’ गेला. ‘आदर्श निवड’ही गेली, कारण जोडपं आणि कुटुंब अशा दोघांनाही जी आदर्श ती नेमकी कोणासाठी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. एवढ्या मोठ्या परिच्छेदातून शेवटी तीनच गोष्टी उरल्या: ३०० चौरस फूट, बाल्कनी आणि तलाव.

आता या तिन्ही खऱ्या आहेत का, ते पाहायचं होतं. अशा कामात बरेच जण इथे थेट लिहायला बसतात आणि ‘आलिशान’च्या जागी ‘सुखद’ लिहून मोकळे होतात. पोकळ विशेषणं येतात त्याचं कारण लिहिणाऱ्याकडे माहिती नसते. खोली न बघता लिहायला बसलेल्या माणसाला विशेषणांशिवाय दुसरं काही सुचणारच नाही, मग त्याचं शब्दभांडार कितीही मोठं असो. म्हणून लेसर मीटर, मोजपट्टी आणि एक कोरी तक्ता-फाइल घेऊन हाउसकीपिंगच्या सुपरवायझर ताईंबरोबर खोल्या पाहायला निघालो. या कामात ताईंसारखा जोडीदार दुसरा नाही. व्यवस्थापकांना खोल्यांचे प्रकार पाठ असतात. ताईंना खोल्या पाठ असतात.

मोजमाप

डिलक्सची झोपायची जागा ३.६ बाय ५.२ मीटर निघाली आणि बाथरूम १.६ बाय २.४. दोन्ही मिळून साडेबावीस चौरस मीटर, म्हणजे सुमारे २४३ चौरस फूट. मग ३०० कुठून आले? बाल्कनीचं माप घेतल्यावर उलगडा झाला. ती १.२ बाय ३.६ मीटरची. ती धरली की बेरीज २८९ चौरस फुटांवर जाते, आणि कोणीतरी ती पुढच्या शंभरात नेऊन ठेवली होती. स्टँडर्ड खोलीच्या वर्णनात मात्र ‘२०० चौ. फूट’ असं लिहिलेलं होतं. ती खोली प्रत्यक्षात २०९ भरली. म्हणजे तिथे आकडा खाली आणलेला आणि बाल्कनीचा प्रश्नच नाही. वेबसाइट वाचणाऱ्याला दोन प्रकारांत शंभर चौरस फुटांचा फरक दिसत होता, आणि खोलीच्या आत तो होता जेमतेम ३४. प्रीमियमच्या वर्णनात आकडाच नव्हता. ती मोजली तर ३०४ निघाली. म्हणजे ज्या एका प्रकाराला ‘३०० चौ. फूट’ खरोखर शोभलं असतं, तिथेच ते लिहिलेलं नव्हतं.

यात कोणी मुद्दाम फसवलं होतं असं मला वाटत नाही. वर्णनं वेगवेगळ्या वेळी लिहिली गेली आणि क्षेत्रफळ म्हणजे काय हे कोणीच ठरवून ठेवलेलं नव्हतं. आम्ही ते ठरवलं आणि तक्त्याच्या वरच लिहून टाकलं: भिंतीच्या आतून आतपर्यंतचं माप घ्यायचं, भिंतीत बसवलेलं कपाट आणि बाथरूम धरायचं, बाल्कनी धरायची नाही, तिचा आकडा वेगळा द्यायचा. चौरस मीटर अर्ध्यापर्यंत आणि चौरस फूट पाचाच्या पटीपर्यंत, दोन्ही नेहमी खाली आणायचे. खाली आणण्यामागे साधा विचार आहे. खोली लिहिल्यापेक्षा थोडी मोठी निघाली म्हणून तक्रार करायला कोणी येत नाही.

बेडचंही तसंच झालं. वर्णनांत कुठे ‘किंग साइज’, कुठे ‘मोठा डबल बेड’, कुठे नुसता ‘आरामदायी बेड’. किंग म्हणजे किती हे प्रत्येक देशात आणि प्रत्येक गादीवाल्याकडे थोडं बदलतं, त्यामुळे नावावर विसंबण्यात अर्थ नव्हता. गादी मोजायची आणि सेंटिमीटर लिहायचे. डिलक्समध्ये ती १८० बाय २०० निघाली. मात्र चार खोल्यांत चादर उचलल्यावर दिसलं की ती एक गादी नाही. ९० बाय २०० च्या दोन गाद्या शेजारी लावून वर पातळ थर अंथरलेला आहे. ताई म्हणाल्या, “सर, या चार खोल्या आम्ही मित्र-मित्र आले की वेगळ्या करून देतो. पण हे फोन केल्याशिवाय कुणाला कळत नाही.” वेगळे बेड मागणाऱ्या दोघांसाठी ही कामाची माहिती होती, आणि वेबसाइटवर तिचा पत्ता नव्हता.

जे सगळ्या खोल्यांना लागू नाही, ते प्रकाराचं वर्णन नाही

बाल्कनीचा गुंता मात्र मोजपट्टीने सुटणारा नव्हता. १६ डिलक्स खोल्यांपैकी १० दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर तलावाच्या बाजूला होत्या आणि त्यांना बाल्कनी होती. उरलेल्या ६ अंगणाच्या बाजूला होत्या. त्यांना मोठी उघडणारी खिडकी होती, पण बाल्कनी नव्हती. माप, बेड, बाथरूम सगळं सारखं म्हणून त्यांना एका नावाखाली घातलेलं. वर्णन लिहिणाऱ्याने त्यातली चांगली खोली डोळ्यांपुढे ठेवली, फोटो काढणाऱ्याने तीच उघडून घेतली, आणि सहा खोल्यांत उतरणाऱ्या प्रत्येकाला केलेला वायदा मोडल्यासारखा वाटत राहिला.

पाहुणा बुकिंग करतो ते प्रकाराचं. विशिष्ट खोली त्याला बहुतेक वेळा येण्याच्या दिवशी मिळते. त्यामुळे प्रकाराच्या वर्णनातलं प्रत्येक विधान त्या प्रकारातल्या सर्वांत कमी प्रतीच्या खोलीलाही लागू पडलं पाहिजे. ही अट एकदा मान्य केली की पुढे तीन रस्ते राहतात. फरक किरकोळ असेल तर वर्णन सगळ्यांत समान असेल तेवढ्यापुरतंच ठेवायचं. फरक मोठा असेल तर प्रकाराचे दोन प्रकार करायचे. तेही जमत नसेल तर फरक आकड्यासकट उघड सांगायचा: ‘१६ पैकी १० खोल्यांना बाल्कनी आहे, खोली येण्याच्या दिवशी ठरते.’

स्टँडर्डला पहिला रस्ता पुरला. काही बाथरूममध्ये शॉवरला काच होती, काहींत पडदा. आम्ही ‘शॉवर’ एवढंच लिहिलं. काचेसाठी कोणी खोली निवडत नाही आणि पडदा पाहून कोणी खाली येत नाही.

डिलक्ससाठी मला दुसरा रस्ता हवा होता, आणि इथे आरक्षण पाहणाऱ्या मॅडमशी बराच वेळ बोलावं लागलं. त्यांचा विरोध पोकळ नव्हता. प्रकार दोन केले म्हणजे आरक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा कोड, दरांचा नवा तक्ता, आणि बाहेरच्या बुकिंग साइट्सवर जाणारी जोडणी पुन्हा तपासायची. ती जोडणी एका ठिकाणी चुकली तर सहा खोल्या असताना आठ विकल्या जातात. शिवाय सोळा खोल्यांचा एक गठ्ठा हाताळायला सोपा. शेवटच्या क्षणी कोणालाही कुठेही टाकता येतं. दहा आणि सहा झाले की ती मोकळीक जाते. मी त्यांच्यासमोर फ्रंट डेस्कची नोंदवही ठेवली. खोली बदलून दिल्याच्या नोंदींत अंगणाकडच्या याच सहा खोल्यांचे नंबर पुन्हा पुन्हा येत होते. ती मोकळीक वर्णन वाचून आलेल्या पाहुण्याच्या खिशातून येत होती, हे त्यावरून त्यांनाच दिसलं. “ठीक आहे, डिलक्स तोडू या, पण बाकी काही तोडायचं नाही,” असं त्या म्हणाल्या. ते मलाही पटलं. प्रत्येक बारीक फरकासाठी नवा प्रकार काढला तर निवडणाऱ्याची यादी लांबते आणि आरक्षणाचं कामही अडतं.

तलाव दिसतो की नाही, याचीही व्याख्या लागली. ‘तलावाच्या बाजूला’ आणि ‘तलाव दिसतो’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हॉटेलांच्या वर्णनांत त्यांची सर्रास सरमिसळ होते. आम्ही कसोटी ठरवली: खिडकीत किंवा बाल्कनीच्या मध्यावर सरळ उभं राहायचं, कठड्यावरून वाकायचं नाही, मान बाजूला काढायची नाही, पाणी दिसलं तर दिसतं. दहापैकी दुसऱ्या मजल्यावरच्या पाच खोल्यांतून समोरच्या झाडांच्या फांद्यांमधून पाणी दिसत होतं, तिसऱ्या मजल्यावरून झाडांच्या वरून मोकळं दिसत होतं. ‘विहंगम दृश्य’ म्हणून या दोन्हींना एकत्र बांधणं चुकीचं झालं असतं. पण यासाठी तिसरा प्रकारही काढायचा नव्हता. म्हणून वर्णनात दोन्ही मजल्यांचं दृश्य वेगवेगळं सांगितलं आणि बुकिंगच्या वेळी मजला मागता येतो, हेही लिहिलं.

गप्प राहणं म्हणजे ‘नाही’

एकसारखा साचा दिसायला नीट वाटतो, पण त्याचं खरं काम वेगळं आहे. जुन्या मजकुरात स्टँडर्डच्या वर्णनात ‘हेअर ड्रायर’ लिहिलेला होता, प्रीमियमच्या वर्णनात नव्हता. प्रत्यक्षात तो सगळ्या खोल्यांत होता. दोन पानं शेजारी उघडून तुलना करणारा माणूस काय समजेल? महागड्या खोलीत ड्रायर नाही, असंच. एका वर्णनात उल्लेख आणि दुसऱ्यात मौन असेल, तर मौनाचा अर्थ ‘नाही’ असाच लावला जातो. त्यामुळे पाच जणांनी पाच तऱ्हांनी लिहिलेली, एकेकटी वाचली तर बरी वाटणारी वर्णनंही एकत्र आली की एकमेकांबद्दल खोटं बोलू लागतात.

उपाय दोन भागांत केला. जे ३८ च्या ३८ खोल्यांत आहे (वातानुकूलन, वाय-फाय, केटल, हेअर ड्रायर, तिजोरी, टॉवेल) ते प्रत्येक वर्णनातून काढून ‘सर्व खोल्यांत’ या एका परिच्छेदात ठेवलं. त्यासाठी खोलीगणिक खूण करून खात्री केली. तीन खोल्यांत तिजोरी बंद पडलेली होती, ती दुरुस्त होईपर्यंत परिच्छेद प्रसिद्ध केला नाही. मग उरलेल्या गोष्टींसाठी ठरावीक क्रमाच्या ओळी केल्या: क्षेत्रफळ, बेड, किती जण राहू शकतात, खिडकी आणि बाल्कनी, बाथरूम, टेबल, आणि ‘लक्षात घ्या’. प्रत्येक प्रकारात प्रत्येक ओळ भरायचीच. बाथटब नसेल तर ‘बाथटब नाही’, लिहायचं टेबल नसेल तर तसं. ओळ गाळायची परवानगी नाही.

या ओळींच्या वर एक वाक्य, तेही साधारण वीस शब्दांच्या आत. मोबाइलवर खोल्यांची यादी उघडली की प्रत्येक प्रकाराखाली दोनेक ओळीच दिसतात, बाकीचं दाबल्यावर उघडतं. जुन्या वर्णनांत त्या दोन ओळी ‘मनःपूर्वक स्वागत’ यातच संपत होत्या. नव्या वाक्याने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हा प्रकार शेजारच्या प्रकाराहून वेगळा कशात आहे?

सगळी विशेषणं हद्दपार करायची, असा मात्र नियम केला नाही. ‘उघडणारी खिडकी’, ‘गोल टेबल’, ‘स्वतंत्र शौचालय’ यांतली विशेषणं माहिती देतात, ती ठेवली. एखादं गुणवाचक विशेषण आवडतं म्हणून कोणी हट्ट धरला की मी विचारायचो, “असं वाटायला कारण काय?” व्यवस्थापकांना स्वीटसाठी ‘शांत’ हा शब्द हवा होता. कारण विचारल्यावर ते म्हणाले, “दोन्ही स्वीट टोकाला आहेत, शेजारी खोली एकाच भिंतीला लागते आणि लिफ्ट दुसऱ्या टोकाला आहे.” मग वर्णनात हेच लिहिलं. वाचणारा ‘शांत’ हा शब्द स्वतः मनात आणतो, आणि तो त्याने आणलेला असल्यामुळे त्यावर त्याचा विश्वासही बसतो.

‘लक्षात घ्या’ या ओळीवरून झालेली चर्चा

विक्री पाहणाऱ्या सरांना ही ओळ नको होती. “आपणच आपल्या उणिवा का सांगायच्या?” लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंतच जाते, तिसऱ्या मजल्यासाठी २० पायऱ्या चढाव्या लागतात, ही त्यातली मुख्य गोष्ट होती. फॅमिली खोल्या जेवणाच्या हॉलच्या वर होत्या आणि तिथे रात्री ११ पर्यंत खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, ही दुसरी. माझं म्हणणं असं होतं की पाहुण्याला हे कळणारच आहे; प्रश्न फक्त बुकिंगच्या आधी कळतं की सामान हातात असताना, एवढाच. गुडघेदुखी असलेल्या माणसाने आधीच खालचा मजला मागून घेतला, तर तो पाहुणा आपल्याकडेच राहतो.

सरांनी ओळ मान्य केली, पण पहिल्या मसुद्यात ती ‘थोडाफार आवाज येऊ शकतो’ अशी पाठवली. असं लिहिण्यात दोन्हीकडून तोटा. हलक्या झोपेच्या माणसाला त्यातून काही कळत नाही आणि धास्तावणारा माणूस उगाच पळून जातो. उणीव सांगतानाही विशेषणाऐवजी कारण आणि वेळ द्यावी लागते: ‘खाली जेवणाचा हॉल आहे; रात्री ११ पर्यंत खुर्च्यांचा आवाज येतो, त्यानंतर हॉल बंद असतो.’ तान्ह्या बाळाला घेऊन येणारं कुटुंब यावरून निर्णय घेऊ शकतं.

याच ओळीत एक गंभीर गोष्ट सापडली. तळमजल्यावरच्या एका स्टँडर्ड खोलीपुढे ‘दिव्यांगांसाठी अनुकूल’ असा शेरा होता. खोलीला पायरी नव्हती म्हणून तो लिहिला गेला असावा. बाथरूमचं दार मोजलं: उघडल्यावर मोकळी रुंदी ६८ सेंटिमीटर. चाकाच्या खुर्चीसाठी साधारण ८० सेंटिमीटर तरी लागतात. शॉवरच्या जागेला ६ सेंटिमीटरचा उंबरा होता आणि धरायला दांडी कुठेच नव्हती. या एका शेऱ्यावर विसंबून चाकाच्या खुर्चीवरचा पाहुणा आला असता, तर त्याला बाथरूममध्येही जाता आलं नसतं. ‘अनुकूल’ हा शब्द काढला आणि त्याच्या जागी मापं लिहिली: मुख्य दार, बाथरूमचं दार, उंबरा, बेडची जमिनीपासून उंची. खोली कोणाला चालेल हे ठरवण्याचा अधिकार ज्याला ती वापरायची आहे त्याचा. आपण त्याला आकडे द्यायचे.

झालेला मजकूर

तलावाकडच्या डिलक्सचं नवं वर्णन असं तयार झालं:

डिलक्स, तलावाची बाजू
स्वतःची बाल्कनी असलेली दोघांची खोली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीतून तलाव दिसतो.
क्षेत्रफळ: २२.५ चौ. मी. (२४० चौ. फूट), बाथरूमसह. बाल्कनी वेगळी, ४ चौ. मी.
बेड: १८० × २०० सेंमीचा डबल बेड. चार खोल्यांत ९० × २०० सेंमीचे दोन वेगळे बेड करून मिळतात. बुकिंग करताना सांगा.
किती जण: २ प्रौढ आणि १२ वर्षांखालचं १ मूल (जमिनीवर जादा गादी, ७५ × १८० सेंमी).
खिडकी आणि बाल्कनी: बाल्कनीत २ खुर्च्या. दुसऱ्या मजल्यावरून तलाव झाडांच्या फांद्यांमधून दिसतो, तिसऱ्या मजल्यावरून झाडांच्या वरून. मजला बुकिंगच्या वेळी मागता येतो.
बाथरूम: शॉवर, बाथटब नाही.
टेबल: ६० सेंमीचं गोल टेबल, लिहायचं टेबल नाही.
लक्षात घ्या: लिफ्ट दुसऱ्या मजल्यापर्यंत आहे. तिसऱ्या मजल्यासाठी २० पायऱ्या.

‘कुटुंबासाठी आदर्श’चं काय झालं ते ‘किती जण’ या ओळीत दिसेल. जुन्या काळी मागेल त्याला दोन जादा गाद्या दिल्या जायच्या. आम्ही गाद्या घालून पाहिल्या. एक घातली की कपाटाचं एक दार अडतं, पण दुसरं उघडतं. दोन घातल्या की बाथरूमपर्यंत जायला गादीवर पाय द्यावा लागतो. त्यावरून ‘१ मूल’ हा आकडा आला.

अंगणाकडच्या डिलक्सचं पहिलं वाक्य लिहिताना सर्वांनाच धाकधूक होती: ‘तलावाकडच्या डिलक्सएवढीच खोली, अंगणाच्या बाजूला, बाल्कनी नाही, मोठी उघडणारी खिडकी आहे.’ फोटोही त्याच खोलीचे नव्याने काढले, खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांसकट. दर थोडा कमी ठेवला. फ्रंट डेस्कवरून नंतर कळलं की एका रात्रीपुरते कामासाठी येणारे पाहुणे हाच प्रकार घेऊ लागले आहेत, आणि बाल्कनीवरून खाली येणारं कोणी राहिलेलं नाही. वेगळ्या बेडच्या चार खोल्यांची मागणी मात्र इतकी वाढली की त्यांची स्वतंत्र नोंद ठेवावी लागली.

साच्यातून बाहेर आलेली एक गोष्ट कोणाच्याच अपेक्षेत नव्हती. प्रीमियमचं वर्णन त्याच ओळींत बसवलं आणि तलावाकडच्या डिलक्सशेजारी ठेवलं, तर प्रीमियमकडे सहाएक चौरस मीटर जास्त आणि लिहायचं टेबल एवढंच दिसलं, बाल्कनी नव्हती. दर तर जास्त होता. ‘राजेशाही वास्तव्याचा अनुभव’ या जुन्या वाक्यामागे हे झाकलं गेलं होतं. इथे लेखनाने करण्यासारखं काही नव्हतं, आणि मी व्यवस्थापकांना तसं सांगितलं. त्यांनी त्या सहा खोल्यांत उघडून बेड होणारा सोफा ठेवला, क्षमता ३ प्रौढांवर नेली, आणि मग पहिलं वाक्य लिहिता आलं: ‘तीन प्रौढ राहू शकतील अशी, लिहायच्या टेबलासह मोठी खोली, बाल्कनी नाही.’

स्वीटला साचा नीट बसला नाही. दोनच खोल्या, आणि दोन्ही वेगळ्या: एकीत बैठकीची खोली दाराने वेगळी होते, दुसरीत नुसती कमान आहे. सगळ्यांत समान तेवढंच लिहायचं म्हटलं तर दोन्हींचं वैशिष्ट्य हरवत होतं. प्रत्येकीचं वर्णन वेगळं दिलं आणि बुकिंगही खोलीच्या नावानेच घ्यायचं ठरलं. दोनच खोल्या असल्यामुळे ते झेपतं. दहा असत्या तर झेपलं नसतं.

बाहेरच्या बुकिंग साइट्सवर जुना मजकूर बराच काळ राहिला. त्यांच्याकडे बाल्कनी, दृश्य, बेड यांसाठी आधीच ठरलेल्या खुणा असतात आणि त्या सॉफ्टवेअरमधल्या प्रकाराला जोडलेल्या असतात. वेबसाइटचा मजकूर बदलला म्हणून त्या आपोआप बदलत नाहीत. अंगणाकडच्या डिलक्सला ‘तलावाचं दृश्य’ ही खूण एका साइटवर तशीच चिकटून राहिली होती, आणि ती सापडली ती तक्ता समोर ठेवून प्रत्येक साइटवर प्रत्येक ओळ ताडून पाहिल्यावरच. ते काम आता मॅडमकडे आहे. तक्ता ताईंकडे आहे. गादी बदलली, तिजोरी हलली, झाडाच्या फांद्या छाटल्या, की त्या संबंधित ओळ बदलतात आणि तारीख टाकतात. तक्त्यात बदल झाल्याशिवाय वेबसाइटवरचं वर्णन कोणी हलवायचं नाही, असं ठरलं आहे.